फ्लॅट पाहिला, पण घ्यायचा नाही: ब्रोकरला नकार असा कळवा की तो पुढचं घर दाखवेल

पुण्यात भाड्याचं घर शोधताना पहिलाच पाहिलेला फ्लॅट पसंत पडला असं क्वचितच होतं. एकाच ब्रोकरला तीन-चार वेळा तरी ‘हा नको’ असं सांगावं लागतं. इथे बहुतेक भाडेकरू दोनपैकी एक करतात. एक तर ‘घरी विचारून कळवतो’ म्हणतात आणि कळवतच नाहीत, नाहीतर पटकन सुचेल ते कारण पुढे करतात. दोन्ही वेळा ब्रोकर उघड काही बोलत नाही. फक्त पुढचा चांगला फ्लॅट हाती आला की तो आधी दुसऱ्या पार्टीला फोन करतो.

नकार दिल्यामुळे ब्रोकर दुरावत नाही. नकारानंतर त्याच्या हातात काहीच उरलं नाही, की दुरावतो. म्हणून नकारातून त्याला दोन गोष्टी मिळायला हव्यात: मालकाला देण्यासारखं स्पष्ट उत्तर, आणि पुढचं घर निवडायला एखादी पक्की खूण.

ब्रोकरच्या बाजूने काय चाललेलं असतं

सत्तावीस हजार भाड्याचा फ्लॅट धरू. पुण्यात भाडेकरूकडून ब्रोकरेज ठरावाप्रमाणे पंधरा दिवसांचं किंवा एका महिन्याचं भाडं घेतात. इथे एक महिना ठरलाय असं धरलं तर २७,००० रुपये. पण अनेकदा फ्लॅट एका ब्रोकरकडे असतो आणि पार्टी दुसऱ्याकडे. मग व्यवहार शेअरिंगमध्ये होतो, आणि निम्म्या वाटणीने तुमच्या ब्रोकरच्या हाती १३,५०० येतात, तेही करार झाला तरच. तोवरचं पेट्रोल, चावी आणायला मारलेली चक्कर, सोसायटीच्या गेटवर तुमची वाट पाहण्यात गेलेला वेळ, सगळं त्याच्या खिशातून.

तुम्ही निघून गेल्यावर त्याला दोन फोन येतात. मालक विचारतो, “पार्टीचं काय झालं?” आणि फ्लॅट ज्याच्याकडे आहे तो ब्रोकर विचारतो, “फायनल करतायत का, की दुसऱ्याला दाखवू?” तुम्ही गप्प राहिलात तर त्याला दोघांना टोलवत राहावं लागतं. बहुतेक लोक घर महिन्याच्या एक तारखेला बदलतात, त्यामुळे विसाव्या तारखेनंतर मालकाला एकेक दिवस जड जातो. अशा वेळी पार्टी गायब झाली, तर मालकाच्या नजरेत ब्रोकरची पत उतरते.

याशिवाय एक भीती असते, ती तो बोलून दाखवत नाही. पार्टीने नाही म्हटलं आणि नंतर मालकाला थेट गाठून तोच फ्लॅट घेतला तर? असं घडतं, आणि म्हणून कारण न देता आलेला नकार त्याला संशयास्पद वाटतो. भाडेकरूंना हे सहसा माहीत नसतं, त्यामुळे साध्या नकारावर ब्रोकर इतके प्रश्न का विचारतो हे त्यांना कळत नाही.

घर पाहतानाच नकाराची तयारी होते

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. आई-वडील, दहावीतली मुलगी आणि आजी असं कुटुंब. मेंटेनन्ससह २८,००० पर्यंत बजेट. ब्रोकरने कोथरूडमध्ये पौड रोडला लागून असलेला, तिसऱ्या मजल्यावरचा २ बीएचके दाखवला. लिफ्ट आहे, कारला पार्किंग आहे, भाडं २७,०००, डिपॉझिट तीन महिन्यांचं म्हणजे ८१,०००. शनिवारी संध्याकाळी पाच वाजता सगळे घर बघायला गेले. हॉल मोठा, स्वयंपाकघराला ड्राय बाल्कनी, पाण्याची तक्रार नाही. मात्र दोन्ही बेडरूम रस्त्याच्या बाजूला.

घर नापसंत पडतंय असं वाटायला लागलं, की नेमकं काय खटकतंय ते तिथेच तपासा. आवाज असेल तर बेडरूमच्या सगळ्या खिडक्या लावून घ्या आणि दोन मिनिटं न बोलता उभे राहा. बसचा ब्रेक आणि सिग्नलला थांबलेल्या दुचाकींचे हॉर्न तरीही स्पष्ट ऐकू आले, तर कारण पक्कं. ओल असेल तर पलंगामागची, कपाटामागची भिंत हाताने चाचपा आणि वर छताचा कोपरा पाहा. अंधार असेल तर दिवे बंद करायला सांगा. असं केल्याने ‘जरा बरोबर वाटत नाही’ ऐवजी ‘खिडक्या लावूनही आवाज येतो’ असं बोलता येतं. पहिल्या वाक्याने ब्रोकरला काहीच कळत नाही. दुसरं वाक्य तो मालकाला जसंच्या तसं सांगू शकतो.

मालक किंवा आधीचे भाडेकरू घरात असतील तर त्यांच्यासमोर होकार नको आणि नकारही नको. मालकीणबाईंनी विचारलं, “कसं वाटलं घर?” तर “घर छान ठेवलंय तुम्ही, आम्ही घरी बोलून यांच्यामार्फत कळवतो” एवढं बोला. यातला ‘यांच्यामार्फत’ हा शब्द ब्रोकरच्या कानावर पडू द्या, त्याची ती न बोललेली भीती तिथेच कमी होते. मालकांशी भाड्याची घासाघीस करू नका, त्यांचा नंबर मागू नका. त्यांनी आपणहून दिला, तर बाहेर आल्यावर ब्रोकरला सांगा: “मालकांनी नंबर दिलाय, पण बोलणं तुमच्याकडूनच होईल.” वॉचमनकडे ‘इथे अजून कुठले फ्लॅट रिकामे आहेत’ ही चौकशीसुद्धा त्या दिवशी टाळा. ब्रोकर खाली उभा असतो आणि त्याला ते दिसतं.

खाली आल्यावरची पाच मिनिटं

गेटपाशी ब्रोकर विचारणारच, “कसा वाटला, सर?” निर्णय झाला असेल तर तिथेच सांगून टाका. समोर बोललेला नकार कमी खुपतो, आणि हातात वेळ असेल तर तो त्याच भागातला दुसरा फ्लॅट लगेच दाखवतो. पण घरच्यांशी बोलणं बाकी असेल तर खटकलेली गोष्ट आत्ताच सांगा आणि उत्तराची वेळ द्या:

“घर तुम्ही सांगितलं तसंच आहे, हॉलही मोठा आहे. फक्त दोन्ही बेडरूम रस्त्यावर येतायत आणि मुलीचं दहावीचं वर्ष आहे. घरी बोलून आज रात्री नऊपर्यंत सांगतो.”

‘तुम्ही सांगितलं तसंच आहे’ हे खरं असेल तर जरूर म्हणा. फोनवर एक आणि प्रत्यक्षात दुसरं दाखवणारे ब्रोकर असतात, त्यामुळे बरोबर माहिती देणाऱ्याला ती पोच मिळायला हवी. ‘कळवतो’ एवढंच म्हणून निघू नका. सोबत वेळ द्या आणि ती पाळा. रात्री नऊ म्हटलं असेल तर पावणेनऊला मेसेज गेलेला बरा. निर्णय झाला नसेल तरीही “उद्या सकाळी अकरापर्यंत वेळ द्या” असं नऊच्या आतच सांगा. दुसऱ्यांदा मुदत वाढवायची वेळ आली, तर घर मनात बसलेलं नाही हे ओळखा आणि नकार कळवा.

मेसेज कसा लिहायचा

आधी फोन की आधी मेसेज? आधी मेसेज. फोनवर ब्रोकर मन वळवायला लागतो, मग बोलण्याच्या भरात ‘बघू’ निघून जातं, आणि ‘बघू’ म्हणजे त्याच्या लेखी होकाराची शक्यता. मेसेज लेखी राहतो आणि तो मालकाला किंवा दुसऱ्या ब्रोकरला पुढे पाठवता येतो. तो पुढे जाणार हे गृहीत धरूनच लिहा. ‘बाथरूम घाणेरडं आहे’ असं लिहिलेला मेसेज मालकापर्यंत पोहोचला, तर ब्रोकर आणि मालकाचे संबंध बिघडतात. तेच ‘बाथरूमचं काम करून घ्यावं लागेल’ असं लिहिता येतं.

आपल्या उदाहरणातला मेसेज असा होईल:

“नमस्कार दादा. आज पाहिलेला पौड रोडचा तिसऱ्या मजल्यावरचा २ बीएचके आम्ही घेत नाही. घर नीटनेटकं आहे, भाडंही आमच्या बजेटमध्ये आहे. पण दोन्ही बेडरूम रस्त्याच्या बाजूला आहेत, खिडक्या लावूनही आवाज येतो, आणि मुलीला अभ्यासाला त्रास होईल. भाडं कमी झालं तरी यात फरक पडणार नाही, त्यामुळे मालकांना आमच्यासाठी थांबवू नका. पुढचं घर बघताना किमान एक बेडरूम आतल्या बाजूला असेल असं बघा. मयूर कॉलनी, डहाणूकर किंवा आयडियल कॉलनीतल्या आतल्या गल्ल्या चालतील. लिफ्ट आणि कारचं पार्किंग हवंच, बजेट तेच, २८ पर्यंत. घर १ तारखेपासून हवंय. बुधवारी सातनंतर किंवा रविवारी दिवसभर कधीही बघायला येऊ.”

पहिल्याच ओळीत फ्लॅटची ओळख आणि नकार, दोन्ही आहेत. ब्रोकर दिवसाला चार-पाच पार्ट्या फिरवतो, ‘कालचा फ्लॅट’ म्हटलं तर कुठला ते त्याला आठवेलच असं नाही. ‘घेत नाही’ हे शब्दही तसेच हवेत. ‘सध्या जरा कठीण वाटतंय’ असं लिहिलं की त्यात त्याला आशा दिसते. त्यानंतर चांगल्या बाजू, तेवढ्याच ज्या खऱ्या आहेत. त्यातली भाड्याची गोष्ट मुद्दाम घातली आहे, म्हणजे ही पार्टी पैशाला अडलेली नाही हे ब्रोकरला कळतं. मग एकच कारण. पाच कारणं दिली की ब्रोकर त्यांतलं सर्वांत सोपं उचलतो, ते सोडवून आणतो, आणि मग खऱ्या कारणावर तुम्हाला नव्याने नाही म्हणावं लागतं.

‘मालकांना आमच्यासाठी थांबवू नका’ हे वाक्य मालकासाठी आहे, आणि नेमकं हेच लोक विसरतात. ब्रोकरला मालकाशी बोलायला तयार उत्तर मिळतं, आणि तुम्ही मागून थेट व्यवहार करणार नाही हेही त्यातून आपोआप कळतं. नंतरची सगळी वाक्यं पुढच्या घरासाठी. गल्ल्यांची नावं, हवंच असलेलं काय, तारीख, बघायला यायचे दिवस. मेसेज वाचून संपल्यावर ब्रोकरला लगेच करण्यासारखं काम मिळतं, आणि ते मिळालं की त्याचं लक्ष नकारावरून निघून पुढच्या फ्लॅटवर जातं.

खोटं कारण फिरून अंगावर येतं

सर्वांत जास्त दिलं जाणारं कारण म्हणजे ‘भाडं जास्त वाटतंय’. ते द्यायला सोपं असतं, कोणाला लागत नाही. पण ब्रोकरच्या दृष्टीने तो नकार नसतोच, ती घासाघिशीची सुरुवात असते. तो मालकाला फोन करतो, आपल्या ओळखीवर दीड-दोन हजार कमी करून घेतो आणि तासाभरात आनंदाने कळवतो, “सर, पंचवीसला तयार केलं मालकांना.” आता तुम्ही म्हणता, “नाही, तरीही नको.” इथे मात्र तो खरोखर दुखावतो. कारण त्याने शब्द टाकला होता, मालकाने तो ठेवला होता, आणि पार्टी मात्र फिरली. यानंतर तुमच्यासाठी तो कुठल्याच मालकाशी भाड्याचं बोलणार नाही.

म्हणून कारण पाठवण्याआधी स्वतःला एक प्रश्न विचारा: ही अडचण उद्या दूर झाली तर आपण हे घर घेऊ का? उत्तर ‘हो’ असेल तर तो नकार नाही, ती अट आहे. मग तसंच सांगा: “२५,००० ला होत असेल तर उद्या टोकन देतो, नाहीतर आमचं नाही समजा.” आकडा नक्की, मुदत नक्की. उत्तर ‘नाही’ असेल तर ते कारण खरं नाही, खरं शोधा.

हे दुरुस्तीच्या बाबतीतही लागू पडतं. भिंतीला ओल दिसली आणि तुम्ही ‘ओल आहे म्हणून नको’ म्हणालात, तर ब्रोकर सांगेल, “मालक रंग मारून देतील.” रंगाने ओल झाकली जाते, थांबत नाही. पाणी वरच्या बाथरूममधून किंवा बाहेरच्या भिंतीतून येत असेल तर पावसाळ्यात पोपडे पुन्हा सुटतात. वॉटरप्रूफिंगचं काम खरोखर होणार असेल तर थांबायला तुम्ही तयार आहात का, हे आधी ठरवा. नसाल तर मेसेजमध्येच लिहा: “दुरुस्तीला लागणारा वेळ आमच्याकडे नाही, १ तारखेला घर सोडायचंय.” म्हणजे रंगाचा प्रस्ताव येत नाही.

काही खरी कारणं सांगायला अवघड असतात. मालकांच्या अटी जाचक वाटल्या, शेजार पटला नाही, मालक वरच्या मजल्यावर राहतात आणि सतत लक्ष ठेवतील असं वाटलं. अशा वेळी माणसांबद्दल काही लिहू नका, जात, धर्म, खाणंपिणं यांवरून शेरा तर नकोच. व्यवस्थेबद्दल लिहा: “पाहुण्यांबद्दलच्या अटी आम्हाला जमणाऱ्या नाहीत, आमच्याकडे गावाहून माणसं येत असतात”, किंवा “मालक त्याच इमारतीत नसतील असं घर बघा”. कारण खरंच राहतं, आणि त्यातून पुढच्या घरासाठी चाळणीही मिळते. कारण अगदीच घरगुती असेल, सासूबाईंना तो भाग नको असेल, तर “घरात एकमत झालं नाही, तो भाग सोडून बघू” एवढं पुरतं. भाग कुठला सोडायचा, हे मात्र सांगा.

नंतर येणारा फोन

मेसेज गेल्यावर ब्रोकर एकदा तरी फोन करतो. तो त्याच्या कामाचा भाग आहे, रागावू नका आणि फोन टाळूही नका. साधारण तीन गोष्टी कानावर येतात.

“मालक पंचवीसपर्यंत येतील.” यावर: “दादा, सत्तावीसही ठीकच होतं. प्रश्न आवाजाचा आहे, तो पंचवीसलाही राहणार. तुम्ही मालकांशी बोललात हे चांगलं केलंत, पण आमच्यासाठी थांबवू नका.” मेसेजमध्ये भाडं बजेटमध्ये आहे असं आधीच लिहिलेलं असल्यामुळे हे एका वाक्यात संपतं.

“दुसरी पार्टी टोकन द्यायला तयार आहे, उद्या फ्लॅट जाईल.” हे खरंही असू शकतं, घाई करायला लावण्यासाठीही असू शकतं. तपासत बसण्याची गरज नाही. “मग त्यांना देऊन टाका, आमची हरकत नाही” असं शांतपणे सांगितलं की विषय मिटतो, आणि तुम्ही शब्दाला पक्के आहात हेही त्याला कळतं.

“या बजेटमध्ये यापेक्षा चांगलं मिळणार नाही, सर.” हे मात्र ऐकून घ्या. यात कधीकधी बाजाराची खरी माहिती असते. विचारा: “बजेट तेच ठेवलं तर आम्हाला काय सोडावं लागेल? लिफ्ट, पार्किंग की भाग?” चांगला ब्रोकर इथे मोकळेपणाने बोलतो: कारचं पार्किंग सोडलं तर आतल्या गल्लीत जुन्या सोसायटीत मिळेल, पार्किंग हवंच असेल तर वारज्याकडे सरका. या उत्तरातून तुमचा शोध सुधारतो, आणि आपल्या सल्ल्याला इथे किंमत आहे असं त्यालाही वाटतं.

तोच फ्लॅट दुसऱ्याकडून आला तर

पुण्यात एक फ्लॅट चार-पाच ब्रोकरांकडे असणं नेहमीचं आहे. त्यामुळे नाकारलेलाच फ्लॅट आठवड्याने दुसरा ब्रोकर पाठवतो, कधी कमी भाड्याने. “हा मी पाहिलाय, दुसऱ्या ब्रोकरमार्फत” असं लगेच सांगा. पुन्हा पाहायला जाऊ नका. ब्रोकर एकमेकांना ओळखतात, व्हॉट्सॲप ग्रुपवर फ्लॅट फिरत असतात, आणि कोणती पार्टी कोणाकडून गेली हे कळायला वेळ लागत नाही.

मन बदललं आणि तोच फ्लॅट घ्यायचा ठरवला तर ज्याने पहिल्यांदा दाखवला त्यालाच फोन करायचा. पंधरा दिवसांनी मालकाने थेट संपर्क साधला तरी तसंच. ब्रोकरेज वाचेल असं वाटतं, पण मग दोन ब्रोकर मालकाच्या दारात भांडत येतात आणि नव्या घरातली सुरुवात त्या वादाने होते.

टोकन दिल्यानंतरचा नकार हा वेगळा विषय आहे. तिथे मालकाने फ्लॅट बाजारातून काढलेला असतो, आणि टोकन परत मिळेलच असं धरू नका. मन डळमळीत असताना टोकन देऊच नका. द्यावं लागलंच तर कोणत्या तारखेपर्यंत आणि कोणत्या परिस्थितीत ते परत मिळेल, हे पैसे पाठवण्याआधी ब्रोकर आणि मालक दोघांकडून व्हॉट्सॲपवर लिहून घ्या.

दुसरा, तिसरा नकार

एका नकाराने काही बिघडत नाही. तिसऱ्यानंतर मात्र थांबून तिन्ही कारणं एकाखाली एक लिहून पाहा.

तिन्ही वेळा कारण तेच असेल, समजा तीनही फ्लॅटना रस्त्याचा आवाज, तर तुमचं म्हणणं ब्रोकरपर्यंत पोहोचलेलं नाही, किंवा त्याच्याकडे तसा फ्लॅटच नाही. पुढचं घर पाहायला निघण्याआधी फोनवर एकच प्रश्न विचारा: “बेडरूम कुठल्या बाजूला आहेत?” आणि खिडकीतून बाहेरचा एक व्हिडिओ मागवा. उत्तर मिळालं नाही तर जाऊ नका. न पाहताच नाकारलेला फ्लॅट ब्रोकरला स्वस्त पडतो, त्याचीही चक्कर वाचते.

तिन्ही वेळा कारण वेगळं असेल, आधी आवाज, मग लहान स्वयंपाकघर, मग चौथा मजला, तर ब्रोकर काय समजतो ते ओळखा: ही टाइमपास पार्टी आहे. इथे दोष शोधाच्या यादीत असतो. घरात बसून तीन गोष्टी अशा ठरवा ज्यांच्याशिवाय चालणारच नाही, बाकी सगळ्यावर तडजोड. आपल्या उदाहरणात त्या म्हणजे एक शांत बेडरूम, आजीसाठी लिफ्ट आणि कारचं पार्किंग. मग ब्रोकरला फोन करून सांगा: “दादा, आम्ही तुम्हाला उगाच फिरवलं. आता पक्कं ठरलंय. या तीन गोष्टी असतील तर स्वयंपाकघर लहान असलं, घर थोडं जुनं असलं तरी चालेल. असं काही असेल तरच दाखवा.” हे मेसेजने कळवू नका, आवाजातला ठामपणा त्याला ऐकू यायला हवा.

ब्रोकर थंड पडलाय हे ओळखायच्या खुणा साध्या आहेत. स्वतःहून फोन येत नाही. ‘काही आहे का?’ विचारलं तर ‘बघतो सर’ एवढंच उत्तर. फोटो येतात ते बजेटबाहेरच्या किंवा महिन्याभरापूर्वीच्या जुन्या फ्लॅटचे. अशा वेळी रोज ‘काही आलं का’ विचारून उपयोग नाही. त्याऐवजी त्याला दोन ठोस गोष्टी द्या. एक, घर सोडायची पक्की तारीख: “आमच्या मालकांना नोटीस दिलीय, ३० तारखेला घर सोडतोय.” दोन, अनामत तयार असल्याचं: “डिपॉझिटची सोय झालीय, पसंत पडलं की त्याच दिवशी टोकन.” दोन्ही खरं असेल तरच बोला. मागणीत एखादी सैल बाजू देता आली, भाग थोडा वाढवता आला, तर तेही सांगा. त्यानंतरही आठवडाभरात एकही नवा फ्लॅट आला नाही, तर त्याच्याकडे तुमच्या मापाचं काही नाही असं समजून दुसरा ब्रोकर जोडा आणि याला तसं सांगून ठेवा. दोन-तीन ब्रोकरांकडे एकाच वेळी शोध चालू ठेवण्यात गैर काही नाही. दोघांनी एकाच सोसायटीच्या गेटवर एकाच दिवशी बोलावलं, तर मात्र आधी कोणी सांगितलं ते पाहून दुसऱ्याला नम्रपणे नाही म्हणा.

घर दुसऱ्याकडून ठरलं, की त्याच दिवशी बाकीच्यांना कळवा: “दादा, आमचं घर ठरलं, मयूर कॉलनीत. तुम्ही वेळ दिलात त्याबद्दल आभारी आहे. रविवारी दाखवायचे दोन्ही फ्लॅट आता रद्द करा, मालकांनाही कळवा.” शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने तुमच्यासाठी कोणाकडून तरी चावी मागून ठेवलेली असते.